पाच टक्क्यांवर थांबवलेली आवृत्ती: उधारीच्या वहीचं अ‍ॅप, रूमचं हरवलेलं मायग्रेशन आणि दोन दिवसांचा हिशेब

किराणा दुकानदार उधारी-जमा लिहिण्यासाठी वापरतात तसं एक अँड्रॉइड अ‍ॅप घेऊ. रोज साधारण २ लाख लोक ते उघडतात. नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये बसते आणि नेटवर्क मिळालं की सर्व्हरवर जाते. त्यामुळे कुठल्याही क्षणी बऱ्याच दुकानदारांच्या फोनमध्ये अजून वर न गेलेल्या नोंदी असतात. हे अ‍ॅप नमुन्याचं आहे आणि आकडे हिशेब सहज लागावा म्हणून गोल धरले आहेत. प्ले स्टोअर, फोनमधला एसक्यूलाइट हा डेटाबेस आणि तो हाताळणारी रूम ही लायब्ररी यांची वागणूक मात्र प्रत्यक्षात जशी असते तशीच दिली आहे.

सध्या सगळ्यांसाठी खुली असलेली आवृत्ती १४७०. तिच्यातल्या डेटाबेसची स्कीमा, म्हणजे रकान्यांच्या रचनेचा क्रमांक, १३. नव्या १४८० मध्ये ग्राहकाच्या नोंदीला एक रकाना वाढला, म्हणून स्कीमा १४ झाली. १४७० वर रोज वापरणाऱ्यांपैकी ०.४ टक्के लोकांना दिवसात एकदा तरी क्रॅश दिसतो. ही झाली पायरेषा. नवी आवृत्ती सोडण्याआधी हा आकडा लिहून ठेवलेला असला पाहिजे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडूनच होतो.

किती टक्के, आणि कशाचे टक्के

मंगळवारी सकाळी ११ वाजता १४८० एक टक्क्यावर सोडली. प्ले कन्सोलमध्ये टक्का भरतात तेव्हा प्ले स्टोअर तेवढे वापरकर्ते यादृच्छिक निवडतं आणि त्यांना अपडेट मिळण्याची मुभा देतं. मुभा मिळाली म्हणजे अपडेट बसलं असं होत नाही. आपोआप अपडेट सहसा फोन चार्जिंगला, वाय-फायवर आणि वापरात नसताना होतात, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत रात्री. एक टक्का म्हणजे २,००० लोक, पण बुधवारी ११ वाजेपर्यंत नवी आवृत्ती प्रत्यक्ष उघडलेले भरले ९००. भागाकारात खाली हाच आकडा हवा. २,००० ने भागलं तर क्रॅशचं प्रमाण निम्म्याहून कमी दिसेल.

त्या ९०० पैकी ७ जणांचं अ‍ॅप कोसळलं, म्हणजे ०.७८ टक्के. पायरेषेच्या जवळपास दुप्पट. तरीही केवळ या प्रमाणावरून हा टप्प्याटप्प्याचा रोलआउट थांबवणं घाईचं ठरलं असतं. ०.४ टक्क्यांच्या हिशेबाने ९०० लोकांमध्ये ३.६ क्रॅश अपेक्षित असतात, आणि आवृत्ती अगदी निर्दोष असली तरी ७ किंवा जास्त क्रॅश साधारण चौदात एकदा नुसत्या योगायोगाने येतात. प्रत्येक रोलआउटमध्ये दिवसातून चार वेळा आकडे पाहणाऱ्याला असे योगायोग वारंवार भेटतात.

यासाठी एक सोपा नियम पुरतो. अपेक्षित क्रॅशची संख्या काढायची, तिच्या वर्गमुळाच्या तिप्पट तिच्यात मिळवायची, आणि प्रत्यक्ष आकडा त्यापलीकडे गेला की थांबवायचं. ९०० लोकांसाठी ही मर्यादा ३.६ अधिक ३ गुणिले १.९, म्हणजे सुमारे ९.३ येते. ७ त्याच्या आत आहे. वर्गमुळाची दुप्पट धरली तर खोट्या धोक्याच्या सूचना फार येतात, म्हणून तिप्पट. शिवाय अपेक्षित संख्या २० च्या खाली असेल तेव्हा प्रमाणावर फारसं विसंबू नये. पायरेषा ०.४ टक्के असेल तर २० अपेक्षित क्रॅशसाठी ५,००० जणांनी आवृत्ती वापरलेली असावी लागते. एक टक्क्याच्या टप्प्यावर एवढे लोक कधीच भरणार नव्हते.

मग एक टक्क्याचा टप्पा ठेवायचा कशाला? स्टॅक ट्रेस, म्हणजे क्रॅश कोडमध्ये नेमका कुठे झाला ते दाखवणारी नोंद, वाचायला. त्या ७ क्रॅशपैकी ३ जुन्याच ओळखीच्या जागी होते. उरलेले ४ मात्र एकाच नव्या गटात पडले होते. १४७० मध्ये त्या गटाची एकही नोंद नव्हती आणि चारही वेळा अ‍ॅप उघडल्यापासून काही सेकंदांतच कोसळलं होतं. संख्या लहान असते तेव्हा प्रमाण काही सांगत नाही, पण 'याच आवृत्तीत प्रथम दिसलेला, सुरुवातीलाच होणारा क्रॅश' एवढी माहिती पुरेशी बोलकी असते. असा गट दोन लोकांत दिसला तरी टक्का वाढवण्याआधी तो उघडून पाहिलाच पाहिजे. इथे डॅशबोर्डवर फक्त मर्यादेचा आकडा पाहिला गेला, तो आत होता, आणि बुधवारी ११ वाजता टक्का ५ केला गेला. सगळ्या प्रकरणात टाळता येण्यासारखी चूक हीच.

बुधवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ

दुकानदारांचा वापर दिवसभर सारखा नसतो. सकाळी दुकान उघडताना आणि संध्याकाळी हिशेब लावताना तो चढतो. बुधवारी रात्री ९ वाजेपर्यंत १४८० उघडलेले होते २,४००. अपेक्षित क्रॅश ९.६, मर्यादा सुमारे १९, प्रत्यक्षात १६. अजूनही आत.

गुरुवारी सकाळी ७ वाजता हाच आकडा ४,००० लोकांमागे ५१ झाला. अपेक्षित १६ आणि मर्यादा २८ असल्यामुळे आता शंकेला जागा उरली नाही. सूचना आली, आणि ७:२५ ला रोलआउट थांबवला गेला.

रात्रीत एवढं काय बदललं हे समजलं तर पुढच्या वेळी फसगत होत नाही. बुधवारी दिवसा ज्यांनी अपडेट घेतलं ते बहुतेक स्वतः जाऊन अपडेट करणारे किंवा फोन नेहमी ताजा ठेवणारे होते, म्हणजे १४७० वरून आलेले. रात्री वाय-फायवर आपोआप अपडेट झालेल्यांत १४६० किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर रेंगाळलेले लोकही आले. फोनमध्ये जागा नाही, वाय-फाय क्वचित मिळतं, आपोआप अपडेट बंद ठेवलेलं, अशी त्यांची कारणं असतात. त्यांच्या फोनमध्ये स्कीमा १३ नव्हे, १२ होती. नव्या आवृत्तीचा पहिला दिवस नेहमी सर्वांत सुस्थितीतल्या फोनांचा असतो. जुन्या माहितीशी संबंधित बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतो, म्हणून प्रत्येक टप्प्यात निदान एक पूर्ण रात्र आणि तिच्यानंतरची सकाळ यायला हवी. इथे एक टक्क्याच्या टप्प्यात रात्र होती, पण फोन थोडे होते.

त्याच वेळी अ‍ॅपचा एकत्रित आलेख अगदी शांत होता. सकाळी ९ वाजता १४८० वापरणाऱ्या ६,००० पैकी ९६ जणांना क्रॅश दिसला होता, म्हणजे १.६ टक्के. बाकीच्या १,९४,००० लोकांत नेहमीच्या प्रमाणाने ७७६. दोन्ही मिळून २ लाखांत ८७२, म्हणजे ०.४३६ टक्के. क्रॅशमुक्त वापरकर्त्यांचा आलेख ९९.६० वरून ९९.५६ वर आला. हा फरक पडद्यावर डोळ्याला दिसतही नाही. सूचना आली ती केवळ आवृत्तीनुसार वेगळं मोजलं जात होतं म्हणून. प्ले कन्सोलमधल्या अँड्रॉइड व्हायटल्सचा क्रॅशसाठीचा १.०९ टक्क्यांचा उंबरठा तर या कामाचाच नाही. तो प्ले स्टोअरमधल्या दर्जासाठी २८ दिवसांच्या सरासरीवर लावला जातो.

थांबवणं म्हणजे नेमकं काय होतं

प्ले कन्सोलमध्ये प्रॉडक्शन ट्रॅकवरच्या त्या रिलीजपाशी `Manage rollout` आणि त्याखाली `Halt rollout` असतं. हेच काम एपीआयवरून करायचं तर प्रॉडक्शन ट्रॅकला असं काही पाठवतात:

```json
{
  "track": "production",
  "releases": [
    { "versionCodes": ["1480"], "userFraction": 0.05, "status": "halted" },
    { "versionCodes": ["1470"], "status": "completed" }
  ]
}
```

पहाटे किंवा सकाळी ७ वाजता जो माणूस सूचना पाहणार आहे, त्याच्या खात्याला प्रॉडक्शनमध्ये रिलीज करण्याची परवानगी आहे का, हे रोलआउट सुरू होण्याआधी तपासून घ्यावं. परवानगी असलेला एकमेव माणूस प्रवासात असल्याने दीड-दोन तास जाणं हा या कामातला नेहमीचा अडथळा आहे, आणि त्या वेळात टक्का वाढला नाही तरी निवडलेल्यांपैकी नवे नवे फोन अपडेट होत राहतात.

थांबवल्यावर नव्याने कुणालाही १४८० मिळत नाही आणि नव्याने अ‍ॅप घेणाऱ्याला १४७० मिळते. ज्यांच्या फोनवर ती बसली आहे त्यांच्याकडून मात्र ती परत घेता येत नाही. प्ले स्टोअर आवृत्ती खाली उतरवत नाही. म्हणून ७:२५ नंतरही आकडा वाढतच गेला. ७ वाजता ४,००० लोकांत ५१ होते ते ९ वाजता ६,००० लोकांत ९६ झाले, कारण रात्री उतरलेलं अपडेट लोक सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्यांदा वापरत होते. हे माहीत नसलं तर 'थांबवणं लागू झालं नाही' असं वाटून धावपळ सुरू होते. लागू झालं की नाही ते पाहायचं असेल तर क्रॅशचा आकडा सोडा, १४८० बसलेल्या फोनांची वाढ थबकली का ते पाहा.

कारण

नव्या गटातल्या क्रॅशमागचा अपवाद, म्हणजे कोडने दिलेली चूक, अशी होती:

```
java.lang.IllegalStateException: A migration from 12 to 14
was required but not found.
```

रूम डेटाबेस उघडताना फोनमधली स्कीमा आणि कोडमधली स्कीमा ताडून पाहते. वेगळ्या असतील तर नोंदवलेल्या मायग्रेशन पायऱ्या, म्हणजे जुन्या रचनेतली माहिती नव्या रचनेत नेणारा कोड, जोडून एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट शोधते. १२ वरून १३ आणि १३ वरून १४ अशा दोन पायऱ्या असत्या तर वाट मिळाली असती. पण १४८० तयार होताना मायग्रेशन वेगळ्या फाइलमध्ये हलवली गेली आणि यादी नव्याने लिहिताना मधली पायरी गळली. वर्ग कोडमध्ये होता, कंपायलरला काही तक्रार नव्हती, फक्त `addMigrations` मध्ये त्याचं नाव नव्हतं. चाचणीत दोनच प्रकार तपासले गेले होते: कोरं इन्स्टॉल आणि १४७० वरून अपडेट. दोन्हींत ही पायरी लागत नाही.

सकाळी ९ च्या ९६ क्रॅशपैकी ७२ हे होते. उरलेले २४, म्हणजे ६,००० लोकांत पायरेषेइतकेच. म्हणजे बाकी आवृत्ती ठीक होती. १४८० वापरणाऱ्यांत स्कीमा १२ वाले फक्त १.२ टक्के दिसले, पण सगळ्या वापरकर्त्यांत ते ९ टक्के, म्हणजे १८,००० आहेत. रोलआउट शंभर टक्क्यांपर्यंत गेला असता तर एवढ्या दुकानदारांची वही उघडलीच नसती.

७२ हा आकडाही खालचा आहे. क्रॅशलिटिक्ससारखी साधनं क्रॅशचा अहवाल फोनवर साठवतात आणि साधारणपणे पुढच्या वेळी अ‍ॅप उघडलं की पाठवतात. ज्याने एकदाच उघडून सोडून दिलं, ज्याला नेटवर्क नव्हतं किंवा ज्याने अ‍ॅपच काढून टाकलं, तो मोजणीत येत नाही. उलट चिडून सात-आठ वेळा उघडणारा माणूस सत्रांच्या मोजणीत सात-आठ वेळा दिसतो. त्यामुळे या प्रकारच्या क्रॅशसाठी सत्रं मोजू नयेत, माणसं मोजावीत. आणखी एक फसवा प्रकार दुसऱ्या दिवशी घडतो. अडकलेले लोक अ‍ॅप उघडणंच थांबवतात, क्रॅशचं प्रमाण खाली येतं, आणि काही न करता सुधारणा झाल्यासारखी दिसते.

सर्वांत आधी कुणाला कळवायचं

या प्रकरणात कोड दुरुस्त करण्याहून तातडीचं काम मदत केंद्राचं होतं. अ‍ॅप उघडत नाही म्हणून फोन आला की मदत केंद्रातला माणूस सवयीने सांगतो: सेटिंगमध्ये जाऊन डेटा साफ करा, नाहीतर अ‍ॅप काढून पुन्हा टाका. इथे त्या सल्ल्याने क्रॅश नक्की थांबला असता, पण सर्व्हरवर न गेलेली उधारीही कायमची पुसली गेली असती.

दुकानदारांची माहिती तोवर सुरक्षित होती. एसक्यूलाइटचा स्कीमाबदल अँड्रॉइड एका व्यवहारात करतं. मधेच अपवाद आला की तो व्यवहार मागे घेतला जातो आणि डेटाबेस स्कीमा १२ वरच जशाच्या तसा राहतो. म्हणून थांबवल्यानंतर दहा मिनिटांच्या आत मदत केंद्राला गेलेला मजकूर एवढाच होता: 'अ‍ॅप लगेच बंद पडत असेल तर डेटा साफ करायला किंवा अ‍ॅप काढायला सांगू नका. नोंदी फोनमध्ये शाबूत आहेत. दुकानाचा क्रमांक लिहून घ्या, दुरुस्त अपडेट येतंय असं सांगा.' याच कारणासाठी रूमचा `fallbackToDestructiveMigration` हा पर्यायही बाद होता. त्याने अ‍ॅप उघडलं असतं, पण वही कोरी झाली असती.

मागे की पुढे

अशा वेळी पहिली सूचना येते ती जुना कोड मोठ्या `versionCode` ने पुन्हा सोडण्याची. पुष्कळ प्रकरणांत ती योग्यही असते. इथे तिने नुकसान वाढलं असतं. १४७० वरून आलेले सुमारे ५,९०० लोक स्कीमा १४ वर व्यवस्थित पोचले होते. त्यांना स्कीमा १३ चा कोड मिळाला असता तर रूमने १४ वरून १३ ची वाट शोधली असती, ती नसल्याने तोच अपवाद आला असता, आणि ७२ जणांच्या जागी ५,९०० जण बाहेर राहिले असते. स्कीमा बदलणारी आवृत्ती एकदा लोकांच्या फोनवर चालली की पुढे जाणं हाच रस्ता असतो. सर्व्हरवरून सुविधा बंद करण्याची कळही इथे कामाची नव्हती, कारण अ‍ॅप ती सेटिंग आणायच्या आधीच कोसळत होतं.

दुरुस्ती एका ओळीची:

```kotlin
.addMigrations(MIGRATION_11_12, MIGRATION_12_13, MIGRATION_13_14)
```

ओळ छोटी असली तरी तपासणी प्रत्येक जुन्या स्कीमावरून करावी लागते. रूम प्रत्येक आवृत्तीची स्कीमा जेसन फाइलमध्ये काढून ठेवू शकते. त्या फाइलवरून `MigrationTestHelper` जुना डेटाबेस उभा करतो, पायऱ्या चालवतो आणि शेवटचा आकार ताडून पाहतो. त्याच्या जोडीला खऱ्या फोनवर जुनी एपीके टाकून, विमान मोडमध्ये चार-पाच नोंदी करून, तिच्यावर नवी बसवायची:

```
adb install old-1460.apk
adb install -r fix-1481.apk
```

अ‍ॅप उघडलं एवढ्यावर समाधान मानू नये. विमान मोड काढल्यावर त्या नोंदी सर्व्हरवर एकेकदाच पोचल्या का, तेही पाहावं. दोन्ही एपीके एकाच स्वाक्षरीच्या हव्यात, नाहीतर दुसरी बसतच नाही.

१४८१ मध्ये आणखी एक गोष्ट घातली गेली. डेटाबेस यशस्वी उघडला की कुठल्या स्कीमावरून आला ते सांगणारी एक घटना सर्व्हरला जाते. क्रॅश नसणं हा अप्रत्यक्ष पुरावा असतो, कारण न पोचलेले अहवाल आणि अ‍ॅप सोडून गेलेले लोकही तसेच 'क्रॅश नसलेले' दिसतात. '१२ वरून १४ वर पोचले: इतके' हा आकडा मात्र थेट सांगतो.

दुरुस्त आवृत्ती किती टक्क्यांवर

दुरुस्तीलाही प्ले स्टोअरची तपासणी लागते. ती कधी काही तासांत होते, कधी काही दिवस घेते, त्यामुळे बिल्ड लवकर पाठवलेला बरा. मंजुरी मिळाल्यावर दोन गरजा एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. अडकलेल्यांना अपडेट ताबडतोब हवं, आणि तेच अपडेट आता १८,००० जुन्या फोनांवरही जाणार म्हणून सावधपणे सोडायला हवं. १४८१ पाच टक्क्यांवर सोडली तर ती १४८० वाल्यांकडेच जाईल असं गृहीत धरू नये. ज्याचा क्रमांक त्या टक्क्यात लागला नाही त्याला प्ले स्टोअरमध्ये अपडेटचं बटण दिसतच नाही, आणि मदत केंद्र त्याला 'अपडेट करा' म्हणत राहतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी मंजुरी आल्यावर सुरुवातच २५ टक्क्यांवर झाली. ज्यांनी मदत केंद्राला फोन केला होता त्यांचे ईमेल क्लोज्ड टेस्टिंगच्या यादीत घालून, सामील होण्याची लिंक पाठवून, त्यांना टक्क्याची वाट न पाहता १४८१ दिली गेली. रात्रीचं आपोआप अपडेट आणि शनिवारची सकाळ जाऊ दिली. '१२ वरून १४' चे यशस्वी आकडे येत होते, मायग्रेशनचा अपवाद १४८१ मध्ये शून्य होता, एकूण प्रमाण पायरेषेवर होतं. त्यानंतर शनिवारी दुपारी शंभर टक्के.

आयफोनवर हेच करताना हात जास्त बांधलेले असतात. अ‍ॅप स्टोअरचा टप्प्याटप्प्याचा रोलआउट १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के असा ठरलेल्या सात दिवसांत चालतो. तो एकूण ३० दिवसांपर्यंत थोपवता येतो, पण टप्पे फक्त आपोआप अपडेट होणाऱ्यांना लागू असतात. स्वतः स्टोअरमध्ये जाणाऱ्याला थांबवलेली आवृत्तीही मिळते. म्हणजे स्कीमाबदल असलेली आवृत्ती तिथे थोपवून ठेवली तरी अडकणाऱ्यांची संख्या वाढू शकते.

शनिवारनंतर पाहायचा आकडा एकच उरतो: १४८० वर अजून किती फोन आहेत. तो झपाट्याने घटतो आणि मग काही डझनांवर येऊन अडतो. हे ते फोन, ज्यांत आपोआप अपडेट बंद आहे आणि मालकाने अ‍ॅप उघडणंही सोडलंय. त्यांना अ‍ॅपमधली सूचना पोचत नाही. नोंदणीच्या मोबाइल क्रमांकावर एसएमएस जातो: 'प्ले स्टोअर उघडून अपडेट करा, अ‍ॅप काढू नका, तुमच्या नोंदी फोनमध्ये आहेत.' तीन दिवसांत सर्व्हरवर ज्यांची नोंद पुन्हा सुरू होत नाही, त्यांना मदत केंद्राने फोन करायचा.